सीडीएनए लायब्ररी की जिनोमिक लायब्ररी? ऑर्डर देण्याआधी हे वाचून घ्या

फॉर्मवर बऱ्याचदा नुसतं "लायब्ररी पाहिजे" एवढंच लिहून येतं, कोणती ते लिहिलेलंच नसतं, मग आमचा फोन जातो आणि अर्धा तास बोलणं होतं. ते बोलणं इथे एकदाच लिहून टाकलंय. उदाहरण एकच धरू, माणसाचा इन्सुलिनचा जीन, कारण तो छोटासा आहे आणि त्याचे आकडे डोक्यात राहतात.

डीएनएवर हा जीन साधारण १४३० बेसजोड्यांचा. त्यात तीन एक्झॉन आणि त्यांच्या मधे दोन इंट्रॉन, एक १७९ चा, दुसरा ७८६ चा. पेशी आधी अख्ख्या जीनची आरएनए कॉपी काढते, मग दोन्ही इंट्रॉन कापून टाकते आणि उरलेले तुकडे जोडते, त्यामुळे तयार एमआरएनए उरतो ४६५ चा, मागची ए ची शेपटी वेगळी. हे कापणं-जोडणं ई. कोलायला जमत नाही. म्हणून त्याच्यात थेट डीएनएवरचा जीन घातला तर तो मधल्या इंट्रॉनसकट वाचत सुटतो आणि भलतंच काहीतरी बनवतो. प्रोटीन हवं असेल तर इंट्रॉन नसलेली कॉपी लागते, आणि ती मिळवायचा सोपा रस्ता म्हणजे तयार एमआरएनए पकडून त्याच्यावरून उलटा डीएनए बनवायचा. तोच सीडीएनए.

हे उलटं काम करणारा एन्झाइम म्हणजे रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज. तो रेट्रोव्हायरसमधे असतो हे १९७० मधे टेमिन आणि मिझुतानी यांनी आणि स्वतंत्रपणे बाल्टिमोर यांनी दाखवलं. आजही आपण वापरतो ते मुख्यतः उंदराच्या अशाच एका व्हायरसचे एन्झाइम, फक्त सुधारलेले.

ट्यूबमधे काय होतं ते सांगतो. साधारण १ मायक्रोग्रॅम टोटल आरएनए घ्यायचा, त्यात प्रायमर आणि डीएनटीपी टाकायचे, ६५ अंशावर ५ मिनिटं ठेवून लगेच बर्फात, म्हणजे आरएनएच्या गुंडाळ्या सुटतात आणि प्रायमर नीट बसतो. मग बफर, आरएनेज इनहिबिटर आणि एन्झाइम टाकून एकूण २० मायक्रोलिटर करायचं, ५० अंशाच्या आसपास तासभर ठेवायचं, शेवटी गरम करून एन्झाइम बंद करायचा. अचूक तापमान तुमच्या एन्झाइमच्या कागदावर बघा, जुने एन्झाइम ४२ ला चालतात, ५० ला दमतात.

प्रायमर निवडताना लोक चुकतात. ऑलिगो-डीटी म्हणजे टी ची छोटी माळ, ती एमआरएनएच्या ए च्या शेपटीला चिकटते. टोटल आरएनएमधे एमआरएनए जेमतेम १ ते ५ टक्के, बाकी बहुतेक रायबोसोमचा, त्यामुळे शेपटी धरून काम करणं लायब्ररीसाठी सोयीचं. पण एन्झाइम शेपटीकडून निघून पुढच्या टोकाकडे चालत जातो, आणि एमआरएनए लांब असला किंवा मधे तुटलेला असला की तिथेच थांबतो. मग लायब्ररीत मागची टोकं भरपूर आणि पुढची गायब. इन्सुलिनसारख्या छोट्या एमआरएनएला हे फारसं जाणवत नाही, ८-१० हजार बेसच्या एमआरएनएला चांगलंच जाणवतं.

म्हणून आरएनए तुटलाय का ते आधी जेलवर बघा. २८एस आणि १८एस असे दोन ठळक बँड दिसायला हवेत, वरचा खालच्याच्या साधारण दुप्पट गडद. नुसता २६०/२८० रेशो २.० आला म्हणून खूश होऊ नका, त्यावरून प्रोटीनची भेसळ कळते, आरएनए तुटलाय का ते कळत नाही. पूर्ण चुरा झालेल्या आरएनएचा रेशोपण झकास येतो!

दुसरी भानगड म्हणजे आरएनएमधे राहिलेला जिनोमिक डीएनए. तो आधी डीएनेजने काढायचा आणि तरीही एक ट्यूब एन्झाइम न टाकता चालवायची, बाकी सगळं तेच. समजा इन्सुलिनचा एक प्रायमर दुसऱ्या एक्झॉनवर आणि एक तिसऱ्यावर ठेवला, आणि सीडीएनएवरून पीसीआरमधे २०० चा बँड येतो. मधे ७८६ चा इंट्रॉन आहे, म्हणजे जिनोमिक डीएनएवरून तोच पीसीआर ९८६ चा बँड देणार, लगेच कळतं. पण जीएपीडीएचवर ही युक्ती फसू शकते, कारण त्याच्या इंट्रॉन नसलेल्या जुन्या मेलेल्या कॉपी जिनोममधे बऱ्याच पडलेल्यात, त्यांच्यावरून सीडीएनएएवढाच बँड येऊ शकतो. तिथे एन्झाइम नसलेली ट्यूबच खरं काय ते सांगते, ती कोरी यायला हवी.

पहिली साखळी झाली की आरएनेज एच आरएनएला जागोजागी चिरा देतो, त्या तुकड्यांना प्रायमर धरून डीएनए पॉलिमरेज दुसरी साखळी भरतो, लायगेज फटी बुजवतो. मग टोकांना अडॅप्टर लावून व्हेक्टरमधे घालायचं, झाली सीडीएनए लायब्ररी. जिनोमिकमधे आरएनएचा संबंधच नाही, डीएनए अर्धवट कापायचा, म्हणजे १५-२० हजारांचे एकमेकांवर चढणारे तुकडे मिळतात, तेच व्हेक्टरमधे.

आता खरा फरक. जिनोमिक लायब्ररीत यकृताचा नमुना द्या नाहीतर रक्ताचा, इन्सुलिनचा जीन मिळणारच, आणि प्रत्येक जीन साधारण सारख्याच प्रमाणात. सीडीएनए लायब्ररीत मात्र त्या पेशीत त्या वेळी जे चालू होतं तेवढंच येतं. स्वादुपिंडाच्या बीटा पेशींच्या लायब्ररीत इन्सुलिनचे क्लोन रग्गड, यकृताच्या लायब्ररीत शोधत बसाल. आणि प्रमोटर, इंट्रॉन हे सीडीएनएमधे नसतातच. मागे एका ग्राहकाने प्रमोटर शोधायला सीडीएनए लायब्ररी मागवली होती, आम्हीही विचारलं नाही ही आमची चूक, दोघांचेही आठवडे गेले. तेव्हापासून विचारतो.

किती क्लोन लागतील त्याचं गणितही यातूनच निघतं:

```
N = ln(1 − P) / ln(1 − f)
```

P म्हणजे हवा तो क्लोन मिळायची खात्री, f म्हणजे एका क्लोनमधे तो असण्याचा वाटा. माणसाचा जिनोम ३०० कोटींचा, तुकडा २० हजारांचा, ९९ टक्के खात्री धरली तर साधारण ६ लाख ९० हजार क्लोन, कोणत्याही जीनला तेवढेच. सीडीएनएमधे f जीनगणिक बदलतो. समजा पेशीत ३ लाख एमआरएनए आहेत आणि तुमच्या जीनचे त्यात १०, तर १ लाख ३८ हजारांत काम होतं. पण तुमच्या जीनचा एकच असेल तर आकडा जातो जवळपास १४ लाखांवर, म्हणजे जिनोमिकच्या दुप्पट! "सीडीएनए लायब्ररी छोटी असते" हे ऐकून आलेल्यांनी एवढं लक्षात घ्या.

तर फॉर्मवर जीनचं नाव, कुठली ऊती, नमुना कधी आणि कसा गोठवला, आणि प्रोटीन बनवायचंय की जीनची रचना बघायचीय, हे चार मुद्दे लिहा. सीडीएनए हवा असेल तर आरएनएच्या जेलचा फोटोही जोडा, आरएनए तुटलेला दिसला तर आम्ही काम सुरू करायच्या आधीच फोन करू.