कवळी मधोमध तुटते? टाळूवरून बोट फिरवून पाहा

पारोळ्याकडच्या एक आजी वरच्या कवळीचे दोन तुकडे रुमालात बांधून आमच्या दवाखान्यात आल्या. "दोनदा जोडून आणली, पुन्हा तिथंच तुटली," म्हणाल्या. टाळूच्या बरोबर मध्यावर अर्ध्या सुपारीएवढं टणक टेंगूळ होतं. कॅन्सर असेल या धास्तीनं त्यांनी ते घरात कुणाला सांगितलंच नव्हतं.

हे टेंगूळ म्हणजे जास्तीचं हाड. त्याला टोरस म्हणतात. तो कॅन्सर नव्हे, आणि पुढं त्याचा कॅन्सर होतही नाही. ते टाळूच्या मधल्या रेषेवर येतं, नाहीतर खालच्या जबड्यात जिभेच्या बाजूला, सुळ्याच्या जरा मागं, बहुधा दोन्हीकडं. तरुणपणी सुरू होऊन वर्षानुवर्षं हळूहळू वाढतं. बऱ्याचदा ते घराण्यात असतं. झोपेत दात खाण्याची सवय आणि चावण्याचा जोर यांचाही त्यात वाटा मानतात. दात असेपर्यंत सहसा त्रास नसतो.

दात काढल्यावर हिरडीखालचं हाड झिजत जातं, टेंगूळ मात्र तसंच राहतं. मग कवळी हिरडीवर न टेकता टेंगळावर टेकते आणि भाकरी चावताना दोन्ही बाजूंना डुगडुगते. शेवटी मधोमध चिरते. नुसती जोडून हे थांबत नाही.

आजींच्या कवळीला आतून पांढरी पेस्ट लावून ती तोंडात दाबली. टेंगळाच्या जागची पेस्ट पुसली गेली होती, म्हणजे सगळा भार तिथंच होता. नवी कवळी करताना तेवढ्या भागात थोडी पोकळी ठेवली. वरचं हाड काढावं लागलं नाही. मात्र टेंगूळ फार मोठं असेल, त्याला खाली खाच असेल किंवा ते कवळीच्या मागच्या काठापर्यंत गेलं असेल, तर कवळी टाळूला धरत नाही. तेव्हा ते काढावंच लागतं.

खालचं काढण्याची वेळ जास्त येते. आजींना तिथंही दोन्हीकडं गाठी होत्या. त्यांवरची कातडी अगदी पातळ, कवळीची कड लागली की सोलायची आणि लवकर भरायची नाही. सर्जननी फक्त तेवढा भाग बधिर करून, हिरडी उघडून हाड काढलं, गुळगुळीत केलं आणि टाके घातले. काही दिवस जिभेखाली सूज होती. माप आम्ही दीड महिन्यानं घेतलं. घाईनं घेतलेलं माप हिरडी आटल्यावर सैल पडतं.

जिभेखालची सूज झपाट्यानं वाढून गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जाऊ लागलं, तर तडक दवाखाना गाठा.

हाडं ठिसूळ झाल्याबद्दल गोळ्या किंवा वर्षातून एकदा सलाईनमधून औषध घेत असाल, तर आधी सांगा. अशा वेळी कापलेलं हाड भरून न येण्याचा धोका असतो. रक्त पातळ होण्याच्या गोळ्याही सांगा, पण मनानं बंद करू नका.

गाठ मऊ असेल, भराभर वाढत असेल, किंवा तिच्यावरची जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर ते टोरस धरून बसू नका. तंबाखू-गुटखा खाणाऱ्यांनी तर त्याच आठवड्यात दाखवावं. तुकडा काढून तपासावा लागेल.

येताना जुनी कवळी, तुटकी असली तरी, सोबत आणा. ती कुठं तुटली यावरून बरंच कळतं.