तोंड वाकडं झालं, पण कपाळावर आठ्या पडतात का?

समजा, सोलापूरच्या पूर्व भागातला एक यंत्रमाग कामगार सकाळी चूळ भरतोय आणि पाणी तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून गळून बनियनवर येतंय. आरशात पाहिलं तर तोंड डावीकडे ओढलेलं. घरचे घाबरून म्हणतात, ‘वारं गेलं.’ हा मेंदूचा झटका आहे की फक्त चेहऱ्याच्या नसेचा लकवा, म्हणजे बेल्स पाल्सी, हे आता ठरवायचं असतं.

डॉक्टर त्याला भुवया वर करायला लावतात. डावीकडे आठ्या पडतात, उजवं कपाळ सपाटच राहतं. डोळे घट्ट मिटायला सांगितले तर उजवी पापणी अर्ध्यावर थांबते, बुबुळ वर सरकतं आणि फटीतून पांढरं दिसत राहतं.

कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. म्हणून झटक्याने एक बाजू बंद पडली तरी आठ्या बहुधा पडतात, फक्त गाल आणि ओठ लुळे होतात. बेल्स पाल्सीत मात्र कानामागच्या हाडाच्या अरुंद बोगद्यात नसच सुजते, त्यामुळे त्या बाजूचा सगळा चेहरा थंडावतो. ही कमजोरी काही तासांत ते दोन-तीन दिवसांत वाढत जाते. अनेकांचं कानामागे दुखतं, काहींची चव जाते. झटका क्षणात येतो, आणि बहुधा त्याच्यासोबत हात गळतो किंवा बोबडी वळते.

पण नुसत्या कपाळावर विसंबणं धोक्याचं. या नसेचा उगम मेंदूच्या देठात आहे. नेमका तिथे झटका आला तर कपाळही लुळं पडतं. म्हणून डॉक्टर डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला लावतात आणि एक हात खाली घसरतो का ते पाहतात. डोळा बाहेरच्या बाजूला वळेनासा झालाय का, एकाचे दोन दिसतात का, चालताना तोल जातो का, हेही तपासतात. यातलं काहीही आढळलं तर झटकाच धरून चालायचं. कानात पुरळ असेल तर नागीण.

हे सगळं डॉक्टरांनी ठरवायचं आहे. घरच्यांनी लगेच 108 लावावा आणि त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवावं, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. घरी ॲस्पिरिन देऊ नये. मेंदूत रक्तस्राव आहे की नाही, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही.

आपल्या कामगाराचे हातपाय, बोलणं, डोळ्यांची हालचाल सगळं ठीक निघालं, म्हणजे ही बेल्स पाल्सी. प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड 72 तासांच्या आत सुरू केलं तर बरं होण्याची शक्यता वाढते. मात्र त्याने साखर चढते, म्हणून मधुमेह असेल तर ती मोजत राहावी लागते. खरी जपायची गोष्ट म्हणजे उघडा राहणारा डोळा. मागावरचं तंतूचं कुसळ बुबुळ खरवडू शकतं. दिवसा थेंब आणि चष्मा, रात्री मलम लावून पापणी चिकटपट्टीने बंद. बहुतेकांचा चेहरा तीन आठवड्यांत हलू लागतो. तीन महिन्यांतही काहीच हालचाल दिसली नाही, तर नसेवर गाठ तर नाही ना हे एमआरआय करून पाहावं लागतं.