साठ-चाळीस बिघडलं की किती हलवायचं?

नाशिकरोडच्या प्रेसमधून किंवा ओझरच्या एचएएलमधून निवृत्त होताना पीएफ आणि ग्रॅच्युइटी एकदम हातात येते. पूर्वी हा पैसा मुकाट्याने एफडीत आणि पोस्टात जायचा. आता त्यातला काही इक्विटी फंडांतही जातो, आणि सल्ला मिळतो: 60 टक्के इक्विटी म्हणजे शेअर, 40 टक्के डेट म्हणजे रोखे, एफडीसारखी व्याजाची गुंतवणूक. पुढे बाजार हे प्रमाण बिघडवतो, त्याचं काय करायचं हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

हॅरी मार्कोविट्झ यांनी 1952 मध्ये गुंतवणुकीच्या मिश्रणाचं गणित मांडलं, पण ते एकाच कालावधीपुरतं होतं. रोजच्या व्यवहाराचा हिशेब बेंजामिन ग्रॅहम यांच्या ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’च्या 1973 च्या आवृत्तीत सापडतो: निम्मे शेअर, निम्मे रोखे, शेअर 55 टक्क्यांवर गेले की त्यांचा अकरावा हिस्सा विकायचा. 55 मधले 5 म्हणजे अकरावा हिस्सा, इतकं ते सरळ आहे.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. 20 लाखांपैकी 12 इक्विटीत, 8 डेटमध्ये. काही वर्षांनी इक्विटी साडेसोळा लाख झाली, डेट साडेआठ. एकूण 25 लाख, त्यात इक्विटी 66 टक्के, म्हणजे 6 टक्के जास्त. 25 लाखांचे 60 टक्के 15 लाख होतात, म्हणून दीड लाख डेटकडे वळवायचे. बरेच जण इथेच चुकतात. ‘मूळ 12 लाखांवर आणू’ म्हणून साडेचार लाख काढतात आणि इक्विटी 48 टक्क्यांवर येते. टक्केवारी आजच्या एकूण रकमेवर काढायची असते, सुरुवातीच्या रकमेवर नाही.

काही न विकता नवी रक्कम डेटमध्ये टाकायची असेल, तर दीड लाख पुरत नाहीत. साडेसोळा लाख हे 60 टक्के व्हायला एकूण साडेसत्तावीस लाख लागतात, म्हणजे अडीच लाख नवे घालावे लागतात.

करामुळे हा फरक महत्त्वाचा झाला. एप्रिल 2018 पूर्वी वर्षभराहून जुन्या इक्विटी फंडाच्या नफ्यावर कर नव्हता. मग लाखावरच्या नफ्याला 10 टक्के लागू झाला आणि 23 जुलै 2024 पासून सव्वा लाखावर साडेबारा टक्के. दीड लाख विकले तरी त्यात नफा साधारण 41 हजारच असतो. वर्षभरात दुसरी विक्री नसेल, तर त्यावर कर लागत नाही.

खरी अडचण उलट दिशेला येते. 2008 मध्ये सेन्सेक्स 21 हजारांवरून आठ हजारांखाली आला. सुरुवातीच्या 20 लाखांतली इक्विटी अशी 60 टक्क्यांनी घसरली, तर 12 लाखांचे 4.8 लाख उरतात, डेट 8 लाखच राहतं आणि इक्विटीचं प्रमाण साडेसदतीस टक्क्यांवर येतं. हिशेब सांगतो, डेटमधून 2 लाख 88 हजार काढून इक्विटीत घाला. डेटचा पैसा पीपीएफसारख्या कुलुपात अडकला असेल, तर हे बहुधा कागदावरच राहतं. कुलूप नसेल, तरी असा चेक फाडायला कितीजण तयार होतात?