टेनिस एल्बो: बॅगेची पकड, टायपिंग आणि भाराचे व्यायाम

कोपराच्या बाहेरच्या बाजूला जे टणक हाड हाताला लागते, त्यावर बोट दाबले असता कळ येणे, चहाचा भरलेला कप उचलताना किंवा दाराची मूठ फिरवताना ती कळ मनगटाकडे उतरणे, ही टेनिस एल्बोची ओळख आहे. आमच्या केंद्रात या तक्रारीसाठी येणाऱ्या बहुतेकांनी टेनिसची रॅकेट कधी हातात धरलेली नसते. दिवसभर टायपिंग आणि येता-जाता जड बॅग, असेच त्यांचे काम असते. हे पत्रक त्यांच्यासाठी आहे.

मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या त्या हाडावर एका कंडरेने जोडलेले असतात. आपण एखादी वस्तू घट्ट धरतो तेव्हा बोटे मिटतात, आणि त्यांच्या ओढीने मनगट आत दुमडू नये म्हणून हेच स्नायू ते मागून धरून ठेवतात. म्हणजे पकड जितकी घट्ट, तितका ताण या कंडरेवर. कोपर सरळ आणि तळहात खाली असताना तो सर्वांत जास्त असतो. टायपिंगमध्ये वजन नसते, परंतु मनगट किंचित वर आणि बोटे अधांतरी ठेवण्यासाठी तेच स्नायू तासन्‌तास काम करतात. त्यामुळे थकलेल्या कंडरेवर संध्याकाळी बॅगेचा भार येतो. दुखणे जुने झाले की कंडरेत सूज फारशी नसते, तिचे तंतू झिजून विस्कळीत झालेले असतात. म्हणून नुसत्या विश्रांतीने दुखणे कमी झाले तरी ताकद परत येत नाही आणि पहिल्याच जड दिवशी कळ पुन्हा सुरू होते.

उदाहरणादाखल, गांधीबागेतील कापडाच्या एखाद्या विक्री प्रतिनिधीचा दिवस घेऊ. नमुन्यांची आणि लॅपटॉपची मिळून ९ किलोची बॅग ते उजव्या हाताने उचलतात, स्कूटरच्या पायाजवळच्या जागेत ठेवतात, दुकानोदुकानी उतरवतात आणि संध्याकाळी दोन-तीन तास बिले टाइप करतात. कोपर सरळ ठेवून त्यांनी पकडमापक यंत्र हळूहळू दाबले, तर डाव्या हाताने ३४ किलोपर्यंत दुखत नाही, उजव्याला मात्र १४ किलोलाच कळ सुरू होते. जिथे कळ सुरू होते, तिथे थांबून हा आकडा नोंदवला जातो; पूर्ण जोर लावून घेतलेली पकड इथे उपयोगाची नाही.

पकड कशी बदलावी

अशा व्यक्तीचे दुखणे चालताना जितके वाढते, त्याहून अधिक स्कूटरवरून बॅग वर ओढण्याच्या त्या एका क्षणी वाढते, कारण तेव्हा हात लांब, तळहात खाली आणि वजन एकदम येते. तीच बॅग शरीराजवळ ओढून, कोपर वाकवून, एक हात तिच्या बुडाशी तळहात वर करून उचलली तर बराचसा भार दंडाच्या पुढच्या स्नायूवर जातो. लॅपटॉपही कडेला चिमटीत धरून उचलू नये, दोन्ही तळहात खाली सरकवून उचलावा.

चालताना वजन पाठीवरच्या सॅकमध्ये घ्यावे. हातातच न्यायचे असल्यास त्याचे दोन भाग करावेत आणि पिशवीच्या बारीक बंदाला जुना दुपट्टा गुंडाळून मूठ जाड करावी, कारण बारीक बंद घसरू नये म्हणून आपण तो गरजेपेक्षा जास्त आवळतो. स्कूटरची मूठ धरतानाही मनगट सरळ राहील इतपतच हात वळवावा.

कळफलकाचे मागचे पाय मिटून तो सपाट ठेवावा, त्याची उंची कोपराइतकी असावी आणि हाताचा पुढचा भाग टेबलावर टेकलेला असावा. आकड्यांच्या पट्टीमुळे माउस फार उजवीकडे जातो, तो जवळ आणावा. क्लिक करून झाल्यावर बोट वर ताणून ठेवण्याची सवय बहुतेकांना असते आणि ती त्यांच्या लक्षातही येत नाही. बोट माउसवर सैल टेकवावे. अर्ध्या तासाने मिनिटभर हात मांडीवर सोडून द्यावेत.

भाराचे व्यायाम

पहिले साधारण दोन आठवडे हालचालीशिवाय जोर लावायचा असतो. हात टेबलावर, कोपर वाकलेले, तळहात खाली. दुसऱ्या हाताने पंज्याच्या पाठीवर दाब द्यावा आणि मनगट हलू न देता तो ३० ते ४५ सेकंद पेलावा. मध्ये मिनिटभर थांबून असे पाच वेळा, दिवसातून एकदा.

नंतर हात टेबलावर टेकवून पंजा कडेबाहेर काढावा आणि अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली धरावी. ती साधारण अर्धा किलो भरते. दुसऱ्या हाताच्या आधाराने मनगट वर न्यावे, आधार काढावा आणि चार सेकंद मोजत बाटली खाली सोडावी. दहा-दहाच्या तीन फेऱ्या, एक दिवसाआड. पंधराच्या तीन फेऱ्या सहज होऊ लागल्या की पाव किलो वाढवावे, पुढे आधाराशिवाय वर न्यावे आणि शेवटी तोच व्यायाम कोपर सरळ ठेवून करावा. त्यानंतर बॅग उचलण्याचाच सराव असतो: २ किलोपासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडी भर.

भार योग्य आहे की नाही हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळते. व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखणे चालते. सकाळी ते पूर्वीइतकेच असेल तर त्याच भारावर राहावे, वाढलेले असेल तर एक पायरी खाली यावे. अजिबात दुखू नये इतका हलका व्यायाम महिनोन्‌महिने करत राहणे हेही चुकीचेच आहे. वरच्या उदाहरणात दुखण्याविना पकड सहाव्या आठवड्यात २२ किलोपर्यंत आली, तर प्रगती ठीक आहे असे आम्ही मानतो. पण बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुखणे निवळते, आमच्याकडे येणारे पुन्हा पूर्ण बॅग उचलतात आणि चार दिवसांत मागे येतात. तीन महिने धरून चालावे.

स्पंजचा चेंडू दाबण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. घट्ट पकडीनेच दुखावलेल्या कंडरेला दिवसभर पकडीचे काम देण्याची ही तऱ्हा आम्हाला सुरुवातीच्या आठवड्यांत पटत नाही. दुखऱ्या हाडावर जोराने मालीश करणेही टाळावे. कोपराच्या दोन बोटे खाली बांधायचा पट्टा बॅग नेताना वापरण्यास हरकत नाही. झोपताना तो काढावा. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने पहिले काही आठवडे चांगला आराम पडतो, मात्र वर्षभरानंतर पाहिले असता इंजेक्शन न घेतलेल्यांची स्थिती अधिक चांगली असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. त्यामुळे हा निर्णय अस्थिरोगतज्ज्ञांशी नीट बोलूनच घ्यावा.

बोटांत मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, मान वळवल्यावर हातात कळ येत असेल, कोपर अडकत असेल, पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, किंवा सांधा सुजून गरम होऊन ताप असेल, तर ते टेनिस एल्बो नसण्याची शक्यता आहे. अशा वेळी व्यायाम सुरू न करता आधी डॉक्टरांना दाखवावे. इतरांनी पहिल्या भेटीला येताना रोजची बॅग, जशी भरलेली असते तशीच, सोबत आणावी. ती आम्ही काट्यावर ठेवतो आणि आपण ती कशी उचलता ते पाहूनच व्यायामाचा पहिला भार ठरवतो.