स्वमग्न मुलांच्या पालकांचा आधारगट

स्वमग्नता असलेल्या मुलांचे आईवडील, आजीआजोबा किंवा इतर सांभाळणारे ठरावीक दिवशी भेटून एकमेकांचे ऐकून घेतात आणि घरचा भार कसा हलका करता येईल हे शोधतात, त्या गटाला आधारगट म्हणतात. येथे मुलावर उपचार होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा पालक-कौशल्य प्रशिक्षण कार्यक्रम ९ गटसत्रे आणि ३ गृहभेटींचा असून त्याला ठरलेला अभ्यासक्रम आहे. आधारगटाला तसा अभ्यासक्रम नसतो, विषय आलेले पालकच ठरवतात.

आईच्या कोरड्या वागण्यामुळे मूल स्वमग्न होते, ही समजूत विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास डॉक्टरांमध्येही होती. ती पुढे खोटी ठरली. ब्रिटनमध्ये १९६२ साली आणि अमेरिकेत १९६५ साली पालकांनी स्वतःच्या संघटना उभ्या केल्या. तरीही ‘माझंच काही चुकलं का’ हा प्रश्न नव्या पालकाच्या तोंडून पहिल्या-दुसऱ्या बैठकीत आजही निघतोच.

गट ८ ते १२ जणांचा असला की प्रत्येकाला बोलायला मिळते. पंधरवड्यातून एकदा दीड तास ही सोयीची पद्धत आहे. सुरुवातीच्या १५ मिनिटांत प्रत्येक जण दोनच गोष्टी सांगतो : मधले दिवस कसे गेले आणि आज आपल्याला वेळ हवा आहे का. त्यांतून एक किंवा दोन अडचणी निवडून प्रत्येक अडचणीला साधारण २५ मिनिटे देतात. सांगणारा आधी पाच मिनिटे न अडवता बोलतो, मग इतर फक्त प्रश्न विचारतात आणि शेवटी आपले अनुभव सांगतात. ‘तुम्ही असं करा’ म्हणायचे नाही, ‘आमच्याकडे हे करून पाहिलं, हे जमलं, हे फसलं’ असे सांगायचे, हा नियम समन्वयकाला कटाक्षाने पाळायला लावावा लागतो. दमलेल्या माणसावर दहा जणांचे सल्ले एकदम कोसळले की तो मान डोलावतो आणि पुढच्या वेळी येत नाही. शेवटची दहा मिनिटे पुढच्या भेटीपर्यंत प्रत्येकाने स्वतःसाठी करायची एक छोटी गोष्ट ठरवण्यात जातात.

ताणाकडे गट कसे पाहतो, हे एका नमुन्याच्या प्रसंगावरून कळेल. सहा वर्षांचा मुलगा रात्री दोनला उठतो आणि पाचपर्यंत उड्या मारतो. आई म्हणते, ‘मी त्याच्यावर ओरडते, मग मलाच रडू येतं.’ समन्वयक यातले दोन धागे वेगळे करतो. मुलाच्या झोपेसाठी आठवडाभर नोंद ठेवायची : झोपण्याची व उठण्याची वेळ, दुपारची झोप, संध्याकाळनंतरचा मोबाइल. बद्धकोष्ठता किंवा आम्लपित्त यांमुळेही झोप मोडते, म्हणून डॉक्टरांकडून तपासणीही करायची. दुसरा धागा आईचा. रात्री कोण उठते, असे विचारल्यावर उत्तर येते : सातही रात्री तीच. मग शुक्रवार-शनिवारच्या रात्री वडिलांनी मुलाजवळ झोपायचे आणि आईने दुसऱ्या खोलीत, असे ठरते.

पुढच्या भेटीत कळते, की पहिल्याच रात्री तीनला वडिलांनी आईला उठवले, कारण मुलगा तिलाच मागत होता आणि त्याला कसे शांत करायचे हे त्यांना माहीत नव्हते. योजना बहुधा इथेच फसते. ओळखीची चादर, दिवा मंद, बोलणे कमी, असा क्रम आई लिहून देते आणि वडील आठवडाभर दिवसा त्याची सवय करतात. महिन्याने मुलगा अजून उठतोच, पण आईला दोन रात्री सलग झोप मिळते आणि ओरडणे कमी होते. गटाच्या दृष्टीने हे खरे यश आहे, कारण मुलाचे वागणे बदलेपर्यंत थांबले तर आईचा ताण कधीच कमी होणार नाही.

भार मोजण्यासाठी काही गट झारिट प्रश्नावली वापरतात. तिच्या नेहमी वापरल्या जाणाऱ्या रूपात २२ प्रश्न असून गुण ० ते ८८ असतात; गुण जास्त तितका भार जास्त. एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नये, तीन महिन्यांच्या अंतराने तो कुठे सरकतो ते पाहावे.

हमखास बरे करण्याचा दावा करणाऱ्या उपचारांची चर्चा हा गटातला सर्वांत नाजूक भाग. शरीरातील धातू काढून टाकण्याच्या औषधोपचारात मुलांचे जीव गेलेले आहेत. पालकाला सर्वांसमोर खोडून काढले तर तो गप्प होतो आणि उपचार चालूच ठेवतो. म्हणून समन्वयक विचारतो : याची तपासणी कोणी केली, धोका कोणता, आणि थांबायचे केव्हा हे ठरले आहे का.

संधी मिळूनही झोप न येणे, दोन आठवड्यांहून जास्त टिकलेली उदासी, स्वतःला किंवा मुलाला संपवण्याचे विचार, हे गटाच्या आवाक्याबाहेरचे आहे. असे विचार बोलून दाखवणाऱ्याला एकटे घरी पाठवत नाहीत. गोपनीयतेचा नियम बाजूला ठेवून त्याच दिवशी घरच्या माणसाला कळवतात आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत जातात. हा अपवाद पहिल्या बैठकीतच सर्वांना सांगून ठेवलेला असतो.