मनुका, कुंकू आणि फ्रेंच ओळी: कस्टम्सच्या फॉर्ममागची गोष्ट

देशाची टपाल तिकिटं छापणाऱ्या गावात राहूनही परदेशी पार्सलचा फॉर्म मी पहिल्यांदा नीट वाचला तो ताईला ऑकलंडला फराळ पाठवताना. इंग्रजीच्या शेजारी फ्रेंच ओळी. नाशिक ते ऑकलंड या वाटेत फ्रान्स कुठून आलं?

ते आलं 1874मध्ये. त्या वर्षी बर्नमध्ये 22 देशांनी एकमेकांचं टपाल स्वीकारण्याचा करार केला आणि कामकाजाची भाषा ठेवली फ्रेंच, कारण त्या काळी राजनैतिक व्यवहार त्याच भाषेत चालत. हिंदुस्थान 1876मध्ये सामील झाला. पुढे हीच जागतिक टपाल संघटना झाली. तिथे इंग्रजीला कामकाजाची भाषा म्हणून जागा मिळाली ती थेट 1994च्या सुमारास. तोवर फॉर्मचा मूळ मसुदा फ्रेंच आणि बाकी सगळं भाषांतर.

हे भाषांतर एका ओळीत चांगलंच अडखळतं. ‘मे बी ओपन्ड ऑफिशियली’ याचं मराठी आमच्याकडच्या एका टायपिंगवाल्या काकांनी ‘कार्यालयात उघडावे’ असं करून दिलं होतं. मूळ फ्रेंच शब्द ‘दॉफिस’, म्हणजे पदाच्या अधिकारात, कुणाला न विचारता. त्यात उघडण्याचा हुकूम नाही आणि कार्यालयही नाही. पत्राला गुप्ततेचं संरक्षण असतं. वस्तू पाठवणारा मात्र ‘तपासायची वेळ आली तर मला विचारत बसू नका’ हे मान्य करून सही करतो. म्हणून मराठीत ‘कस्टम्स अधिकारी हे पार्सल परस्पर उघडू शकतात’ एवढंच पुरतं.

खरा घोळ पुढच्या रकान्यात झाला. वस्तूंच्या वर्णनात मी रोमन अक्षरांत ‘मनुका’ लिहिलं, अर्धा किलो. न्यूझीलंडमध्ये मनुका हे एका झाडाचं नाव आहे आणि त्याच्या फुलांचा मध जगभर विकला जातो. शिवाय मधमाश्यांचे रोग येऊ नयेत म्हणून बाहेरचा मध तिथे सहसा येऊच देत नाहीत. पार्सल उघडलं गेलं, आत पिंपळगावची सुकी द्राक्षं निघाली आणि ताईला आठवडाभर वाट पाहावी लागली. चूक माझीच होती. शब्द रोमन लिपीत आला म्हणजे भाषांतर झालं, असं मी धरून चाललो होतो.

कुंकवाचा प्रकार त्याहून वाईट. कोशात पाहिलं तर ‘व्हर्मिलियन’ सापडतं. पण ते पाऱ्यापासून बनणाऱ्या लाल रंगाचंही नाव आहे, म्हणजे आपला हिंगूळ. घरचं कुंकू हळदीला चुन्यासारखं काही लावून होतं. हळदीच्या पुडीवर पाऱ्याचं नाव टाकून ती विमानात चढवायची म्हणजे आपणच संशय विकत घ्यायचा. तिथे ‘टर्मरिक पावडर, कपाळाला लावण्यासाठी’ लिहावं, अर्थात पुडीत खरोखर हळदीचंच असेल तर.

शब्दांच्या या भांडणावर उतारा म्हणून 1988मध्ये वस्तूंचे सहा अंकी आकडे जगभर लागू झाले. 0806 म्हणजे द्राक्षं, पुढे 10 असेल तर ताजी, 20 असेल तर सुकी. त्यामुळे 080620 लिहिलं की मनुका कुठल्याही देशात मनुकाच राहतात. सगळंच इतकं सरळ नाही. चिवडा धान्याचा पदार्थ मानायचा की मिश्र खाद्यपदार्थ, यावर त्याचा आकडा बदलतो. आणि आकडा एक, वर्णन दुसरं असं झालं की तपासणी ठरलेलीच. आता हा मजकूर पार्सल निघण्याआधीच संगणकातून पुढच्या देशाला जातो. 2023पासून युरोपनेही सहा अंकांचा आग्रह धरला आहे, आणि ‘गिफ्ट’ किंवा ‘फूड’ एवढंच वर्णन तिथे चालत नाही. गिफ्ट हे पाठवण्याचं कारण झालं, वस्तू नव्हे.

खोक्यावरच्या खुणांची कथा उलटी. तिथे शब्दच काढून टाकले. वेगवेगळ्या बंदरांवरच्या हमालांना एकमेकांची भाषा येत नसे, म्हणून पेला, छत्री, वर जाणारे दोन बाण ही चित्रं ठरली. काट मारलेलं चित्र आहे गोण्या उचलण्याच्या लोखंडी आकड्याचं, म्हणजे तो इथे लावू नका. पेल्याचा अर्थ ‘आत काच आहे’ असा नाही, ‘जपून हाताळा’ असा आहे. तांबट आळीतल्या तांब्याला पोचा येऊ नये म्हणूनही तो चालतो. मात्र पार्सल वर्गीकरणाच्या पट्ट्यावर चढलं की बाण कुणी पाहत नाही. तांब्या उलटा झाला तरी हलणार नाही असाच बांधावा.

यंदाच्या फॉर्मवर मी लिहिलं: बिया नसलेली सुकी द्राक्षं, 500 ग्रॅम, 080620, मूळ देश भारत. सगळं इंग्रजीत, ‘मनुका’ हा शब्द कुठेही न आणता. ताईने फोनवर विचारलं, “मग मनुका नाही का पाठवल्यास?”