पिनकोडमधले पहिले शून्य जाते कुठे?

दिवाळी फराळाची ऑर्डर न्यू जर्सीतल्या एडिसनहून येते. तुमच्या वेबसाइटवर पिनकोड बरोबर असतो: 08820. तीच ऑर्डर स्प्रेडशीटमार्गे कुरिअरच्या सॉफ्टवेअरमध्ये जाते, तेव्हा तिथे 8820 उरतो. अमेरिकेत चार अंकी पिन नसतोच. मग लेबल निघत नाही, आणि निघालेच तर पार्सल वाटेत अडकते.

ही चूक चाचणीत सहसा सापडत नाही, कारण भारतातला एकही पिनकोड शून्याने सुरू होत नाही. पुण्या-नाशिकचे पत्ते टाकून पाहिले की सगळे सुरळीत वाटते. म्हणून परदेशी पार्सले पाठवणाऱ्यांनी चाचणीत न्यू जर्सी किंवा मॅसॅच्युसेट्सचा एक पत्ता हमखास घालावा.

वेबसाइट पिनकोड मजकूर म्हणून पाठवते. शीटला मात्र नुसते अंक दिसले की ती त्यांना संख्या समजते, आणि संख्येत सुरुवातीच्या शून्याला किंमत नाही. 08820-1234 असा लांब पिन मात्र मधल्या रेघेमुळे शाबूत राहतो. एकाच रकान्यात काही पिन डावीकडे आणि काही उजवीकडे चिकटलेले दिसले, तर उजवीकडचे संख्या झाले आहेत असे समजा.

इथे बरेच जण रकान्याला 00000 हा फॉरमॅट देतात. शून्य दिसू लागते, पण ते फक्त दिसण्यापुरते. आत 8820 च असतो आणि सिंक आतलेच उचलू शकते. खात्री करायची असेल तर

```
=LEN(A2)
```

हे सूत्र लावा. उत्तर 4 आले, तर शून्य गेलेले आहे.

खरा उपाय डेटा येण्याआधीच करायचा असतो. गूगल शीटमध्ये रिकामा रकाना निवडून Format > Number > Plain text करा, मगच सिंक सुरू करा. एक्सेलमध्ये सीएसव्ही फाइल डबल-क्लिकने उघडू नका. Data > From Text/CSV मधून घ्या आणि Transform Data मध्ये त्या रकान्याचा प्रकार Text ठेवा.

शून्य आधीच गेले असेल, तर अमेरिकी पिन परत मिळवता येतात, कारण त्यांची लांबी ठरलेली आहे:

```
=TEXT(A2,"00000")
```

कंपनी संचालकांचा डीआयएन आठ अंकी असतो, तिथे आठ शून्ये लिहा. बँक खाते क्रमांकाला मात्र हा उपाय लावू नका. त्याची लांबी प्रत्येक बँकेत वेगळी असते. तो पासबुकावरूनच पुन्हा घ्यावा.

सिंक दोन्ही बाजूंनी चालू असेल तर सर्वांत आधी ते थांबवा. नाहीतर शीटमधला 8820 उलट जाऊन वेबसाइटवरचा मूळ 08820 पुसून टाकतो आणि दुरुस्तीसाठी मूळ नोंदच उरत नाही. थांबवल्यावर आम्हाला फोन करा. बिघडलेल्या ओळी मूळ ऑर्डरशी ताडून दुरुस्त केल्यावरच आम्ही सिंक पुन्हा सुरू करू.